विमानातलं बिनतिखट ताट

विमान कंपनीकडे जेवणाबद्दल केलेली विनंती शेवटी चार इंग्रजी अक्षरांत उतरते. भारतीय पद्धतीच्या शाकाहारी जेवणासाठी AVML, जैन जेवणासाठी VJML, मधुमेहींसाठी DBML. जगभरातल्या विमान कंपन्यांची ‘आयाटा’ ही संघटना आहे. तिच्या पद्धतीनुसार ही संकेताक्षरं चालतात, म्हणून मुंबईत नोंदवलेली मागणी दुबईच्या किंवा लंडनच्या स्वयंपाकघरालाही समजते. याच यादीत BLML आहे. ज्यांच्या छातीत जळजळतं, घशाशी आंबट येतं किंवा जरा वेगळं खाल्लं की पोट बिघडतं, त्यांच्यासाठीचं हे सौम्य जेवण. ते बहुतेक वेळा जादा पैसे न घेता मिळतं, पण आधी मागावं लागतं. आणि मागण्याआधी या चार अक्षरांत काय येतं आणि काय येत नाही, हे माहीत असावं लागतं. मराठी शाकाहारी प्रवाशाची अडचण नेमकी तिथेच होते.

आधी ताटात काय असतं ते पाहू. BLML म्हणजे उकडलेले, वाफवलेले किंवा भट्टीत शिजवलेले, कमी तेला-तुपाचे पदार्थ. मिरची, मिरी, मोहरी टाळलेली असते. कांदा-लसूण बहुधा नसतो. कोबी, फ्लॉवर, राजमा, छोले यांसारखे वात धरणारे पदार्थ वगळतात, तळलेलं काही देत नाहीत आणि कॉफी, चॉकलेट, मद्यही या जेवणाच्या नियमात बसत नाही. प्रत्यक्षात समोर येतं ते साधारण असं: साधा भात किंवा उकडून कुस्करलेला बटाटा, वाफवलेलं गाजर किंवा दुधी भोपळ्यासारखी भाजी, सोबत मसाला न लावलेलं चिकन किंवा मासा, पांढरा पाव, आणि शेवटी शिजवलेलं फळ किंवा कस्टर्ड.

चिकन किंवा मासा. यादी वाचताना हा तपशील सहज नजरेआड होतो. BLML हा तब्येतीसाठीचा आहार आहे आणि तो शाकाहारी असेलच असं नाही, बहुतेक ठिकाणी तो नसतोच. AVML शाकाहारी आहे, पण ते भारतीय चवीचं, म्हणजे मसालेदार. त्यात छोले किंवा राजमा असण्याची शक्यता पुष्कळ. VJML मध्ये कांदा, लसूण, बटाटा नसतो, पण मिरची आणि फोडणी असते. अनेकांचा समज असतो की जैन जेवण म्हणजे पोटाला हलकं, तो या ताटापुढे टिकत नाही. VLML हे पाश्चात्त्य पद्धतीचं शाकाहारी जेवण. त्यात तिखट नसतं, पण टोमॅटोच्या सॉसमधला पास्ता किंवा चीज येऊ शकतं. FPML म्हणजे नुसती फळं, त्यांत संत्रं, अननस असतात आणि आम्लपित्ताच्या रुग्णाला ती सोसत नाहीत. त्यातून एका प्रवाशाच्या नावावर साधारणपणे एकच संकेताक्षर चढतं. ‘शाकाहारी आणि सौम्य’ अशी दोन अक्षरं जोडून मागण्याची सोय बहुतेक कंपन्यांच्या संगणकात नसते.

हवेत पोट वेगळं का वागतं

जमिनीवर पचणारं जेवण विमानात का त्रास देतं, याची कारणं साध्या भौतिकशास्त्रात आहेत. विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर असतं, तेव्हा आतल्या हवेचा दाब समुद्रसपाटीइतका ठेवलेला नसतो. तो सुमारे 6,000 ते 8,000 फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितकाच असतो. दाब कमी झाला की वायू प्रसरण पावतो. पोटात आणि आतड्यांत आधीच असलेला वायू 8,000 फुटांच्या हिशेबाने जवळपास एक तृतीयांशाने फुगतो. पोट ताणलं जातं, त्यात तासन्‌तास बसून राहिल्याने आणि कमरेच्या पट्ट्याने दाब वाढतो.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक वळं असतं. घास खाली गेला की ते आवळतं आणि आम्ल वर येऊ देत नाही. जठर फुगलं की हे वळं अधूनमधून सैल पडतं. तेलकट जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळतं. मद्य, चॉकलेट, पेपरमिंट या पदार्थांनी वळ्याचा आवळ कमी होतो. सोडा किंवा कोला प्यायल्यावर आणखी वायू आत जातो. त्यामुळे BLML च्या यादीतून छोले आणि कोबी का गेले, तळण का गेलं, हे कळतं. तिखटाने आम्ल वाढतंच असं नाही, पण आधीच सोललेल्या अन्ननलिकेला ते झोंबतं.

नेहमीचं विमानातलं जेवण झणझणीत असण्यालाही कारण आहे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सा कंपनीसाठी विमानासारख्या कमी दाबात आणि कोरड्या हवेत लोकांना जेवू घालून चवीचा अभ्यास केला. 2010 च्या सुमारास त्याचे निष्कर्ष पुढे आले. अशा हवेत मीठ आणि साखर जिभेला कमी जाणवतात, टोमॅटोची चव मात्र टिकून राहते, असं त्यात दिसलं. म्हणून विमानासाठी स्वयंपाक करणारे हात सैल सोडतात आणि टोमॅटोची रश्शी आवडीने वापरतात. ती चवदार, आणि पुन्हा गरम केल्यावर पदार्थ कोरडा पडू देत नाही. आम्लपित्ताच्या अनेक रुग्णांना मात्र टोमॅटोच सर्वांत जास्त छळतो. उलट BLML मध्ये रस्साच नसतो, त्यामुळे भात फडफडीत आणि चिकन चिवट लागतं. ते तसं लागणारच, हे ठाऊक असलं की निराशा होत नाही.

विनंती कशी पुढे जाते

विमानात स्वयंपाक होत नाही. जेवण विमानतळाजवळच्या मोठ्या स्वयंपाकघरात काही तास आधी शिजतं. मुंबईत ताजसॅट्ससारख्या कंपन्या अनेक विमानांना असं जेवण पुरवतात. शिजलेलं अन्न झपाट्याने थंड करून 5 अंश सेल्सिअसच्या आत ठेवतात, ताटं भरून गाडीने विमानात चढवतात आणि वर गेल्यावर गरम हवेच्या भट्टीत फक्त तापवतात. पंचवीस-तीस हजार फुटांवर हवाईसुंदरीला ‘जरा कमी तिखट द्या’ म्हणून सांगण्याचा उपयोग नसतो, कारण तिच्या हातात तिखट कमी करण्याचं साधनच नाही.

म्हणून मागणी आधी करायची. बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या किमान 24 तास आधी मागतात, काही कंपन्यांना आणि काही जेवणांना 48 तास किंवा त्याहून जास्त लागतात. वेबसाइटवर आपलं बुकिंग उघडलं की प्रवाशाच्या नावासमोर विशेष जेवणाचा पर्याय दिसतो. तिकीट एजंटकडून घेतलं असेल तर त्याला सांगता येतं, नाहीतर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन. विनंती नोंदली की बुकिंगमध्ये ‘एसएसआर’ नावाची एक ओळ तयार होते. तिच्यात प्रवाशाचं नाव, फ्लाइट, BLML ही अक्षरं आणि स्थिती असते. एजंटच्या पडद्यावर HK दिसलं तर मागणी पक्की, UC दिसलं तर कंपनी ते देऊ शकत नाही. ‘मागितलं आहे’ आणि ‘मंजूर झालं आहे’ यांत फरक असतो, तो फोनवरच विचारून घ्यावा.

लोक बऱ्याचदा एक चूक करतात. रकान्यात लिहितात, ‘मिरची नको, टोमॅटो नको, दही चालेल, पोळी मऊ असावी.’ स्वयंपाकघरापर्यंत हे पत्र पोचत नाही. तिथे पोचतो तो आकडा: अमुक फ्लाइटला BLML दोन. तिथले लोक BLML च्या ठरलेल्या पाककृतीप्रमाणे दोन ताटं भरतात. घरच्यासारखी खास फर्माईश तिथे शिजत नाही, आणि अनेक कंपन्या आपल्या नियमांत विशेष जेवणाची हमीही देत नाहीत.

कमी भाड्याच्या कंपन्यांची गोष्ट वेगळी. तिथे ठरलेल्या यादीतला पदार्थ पैसे देऊन आधी निवडायचा असतो. वैद्यकीय आहाराची अक्षरं तिथे सहसा नसतात. दोन तासांच्या देशांतर्गत प्रवासात BLML शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा घरून दोन इडल्या नेणं सोपं.

एक प्रवास, ताटापासून ताटापर्यंत

समजा, पुण्यातल्या अडुसष्ट वर्षांच्या एक बाई मुलीकडे लंडनला निघाल्या आहेत. शुद्ध शाकाहारी. दहा वर्षांपासून आम्लपित्त, रोज सकाळी न्याहारीआधी पँटोप्राझोलची गोळी. राजमा किंवा छोले खाल्ले की पोट डब्ब, टोमॅटोचं सार प्यायलं की रात्रभर घसा जळतो. दूध-दही मात्र चालतं. उन्हाळ्याचे दिवस, मुंबईहून थेट विमान पहाटे 2 वाजता, सुमारे दहा तासांनी, लंडनच्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेसातला, पोचणार.

मुलीने महिनाभर आधी तिकीट काढतानाच AVML टाकलं होतं, शाकाहारी म्हणून. आठवड्यापूर्वी ती विमान कंपनीला फोन करते.

‘आईला आम्लपित्ताचा त्रास आहे. BLML मिळेल का?’

‘हो मॅडम, मिळेल. आत्ता AVML आहे, ते काढून BLML टाकू का?’

‘ते शाकाहारी असतं का?’

‘नाही मॅडम. त्यात चिकन किंवा मासा असू शकतो.’

‘मुंबईहून निघणाऱ्या फ्लाइटला शाकाहारी BLML करून देतात का, एवढं बघाल का? आणि हे विमान तुमचंच आहे ना, दुसऱ्या कंपनीचं नाही?’

या दोन प्रश्नांना फार किंमत आहे. काही कंपन्या सौम्य जेवणाचा शाकाहारी प्रकार देतात, काही देत नाहीत, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही. दुसरा प्रश्न तिकीट एका कंपनीने विकलं आणि विमान दुसरीने चालवलं, तर काय याबद्दलचा. अशा वेळी जेवण देते ती विमान चालवणारी कंपनी. तिच्या संगणकात बुकिंगचा क्रमांक वेगळा असू शकतो आणि विनंती तिथेच जाऊन पाहावी लागते. मध्ये दोहा किंवा दुबईला विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्प्यांवर मागणी स्वतंत्रपणे चढली आहे का, हेही बघावं लागतं. पहिल्या टप्प्यावर आहे म्हणून दुसऱ्यावर असेलच असं नाही.

समजा, शाकाहारी BLML नाही असं उत्तर आलं. आता ठरवायचं ते असं: आईला सर्वांत जास्त काय बाधतं? चिकन असलेलं ताट त्या स्वीकारणारच नाहीत, तेव्हा BLML बाद. उरतात AVML आणि VLML. AVML मध्ये छोल्यांची भाजी आली तरी सोबत साधा भात, दही, पोळी आणि फळ असण्याची शक्यता असते, म्हणजे ताटातली अर्धी बाजू खाता येते. VLML मध्ये टोमॅटोचा पास्ता आला तर ताटातलं मुख्य काहीच उरत नाही. दूध-दही चालतं, म्हणून या बाईंसाठी AVML ठेवणं बरं. दूध न पचणाऱ्या माणसाचा निर्णय वेगळा असता: त्याला कस्टर्डवालं BLML सुद्धा अडचणीचं, त्याच्यासाठी कमी लॅक्टोजचं NLML हे वेगळं संकेताक्षर आहे. आणि मांसाहारी प्रवाशाला आम्लपित्त असेल तर BLML हेच सरळ उत्तर आहे.

ताट आलं की बाई छोले बाजूला ठेवतील, भात आणि दही खातील. अर्ध्या ताटाने भूक भागणार नाही, म्हणून घरून आणलेली जोड हवी. सुरक्षा तपासणीत घट्ट, कोरडे पदार्थ अडत नाहीत. दही, पातळ खिचडी, सार हे मात्र द्रव किंवा जेलमध्ये गणले जाऊन अडू शकतात. म्हणून दहीभात डब्यात नेण्याऐवजी बाई दोन इडल्या, मऊ पोळीची तूप न लावलेली घडी आणि केळं घेतात. विमानातले कर्मचारी सुरक्षेच्या कारणाने प्रवाशाचं अन्न तापवून देत नाहीत, गरम पाणी मात्र मिळतं. ते घेतलं की सुकी इडली घशाखाली उतरते. उरलेलं अन्न लंडनला उतरण्याआधी संपवावं, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत.

ताट कधी खायचं, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे. विमान पहाटे 2 ला उडालं तर मुख्य जेवण साडेतीनच्या सुमारास समोर येतं. पुण्यात त्या वेळी या बाई गाढ झोपलेल्या असतात. भरपेट जेवून लगेच खुर्ची मागे टाकून झोपणं हे आम्लपित्ताला आवतण आहे, जेवल्यावर दोन-तीन तास ताठ बसणं त्यावरचा उपाय. म्हणून त्या घरून निघताना संध्याकाळी 7 ला मूगडाळीची मऊ खिचडी खाऊन निघतात, विमानतळावर फक्त पाणी, आणि साडेतीनच्या ताटातलं केवळ दही किंवा केळं. ‘ताट नको’ म्हणून परत पाठवलं तरी चालतं. खरं जेवण उतरण्याच्या दोन तास आधीच्या न्याहारीला, म्हणजे भारतीय घड्याळात सकाळी 10 च्या सुमारास. गोळी न्याहारीआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते, तेव्हा ती साडेनऊला. वेळ बदलण्याबद्दल त्यांनी आपल्या डॉक्टरांना आधीच विचारलेलं आहे. गोळ्या हातातल्या पिशवीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. आम्लनाशक औषधाची बाटली 100 मिलीहून मोठी असली तर तपासणीत चिठ्ठी दाखवावी लागते, म्हणून चघळायच्या गोळ्या सोयीच्या.

ताट चुकलं हे कसं ओळखायचं

विशेष जेवणाच्या ताटावर चिकटपट्टी असते: संकेताक्षर, आसन क्रमांक, कधी नाव. बहुतेक विमानांत अशी ताटं बाकीच्यांच्या आधी येतात. मुख्य गाडी आली तरी तुमचं ताट आलं नसेल, तर ती वाट पाहण्याची नाही, विचारण्याची वेळ. ताट न पोचण्याचं नेहमीचं कारण म्हणजे प्रवाशाने कुणाशी तरी आसन बदललेलं असतं आणि ताट जुन्या क्रमांकावर गेलेलं असतं. बसल्या बसल्या कर्मचाऱ्यांना नवा क्रमांक सांगितला की हा घोळ टळतो.

दुसरं कारण उड्डाणाच्या आधीचं. कंपनीने वेळापत्रक बदललं, विमान बदललं किंवा प्रवाशाला दुसऱ्या फ्लाइटवर टाकलं, की विशेष जेवणाची ओळ नव्या बुकिंगमध्ये गळून पडू शकते. म्हणून ‘तुमच्या उड्डाणाच्या वेळेत बदल’ असा संदेश आला की बुकिंग उघडून पुन्हा पाहायचं, आणि शेवटची खात्री मुदत संपायच्या आत, म्हणजे दोन दिवस आधी करायची. चेक-इनच्या खिडकीवर आठवण करून देता येते, पण तोपर्यंत जेवण शिजलेलं असतं.

BLML ची पट्टी असलेल्या ताटातही नजर टाकावी. झाकण उघडल्यावर लाल रस्सा दिसला किंवा मिरीचा वास आला, तर ताट चुकलेलं आहे. कधी मुख्य पदार्थ बरोबर असतो, पण कडेची चॉकलेटची वडी, संत्र्याचा रस किंवा लोण्याची डबी सगळ्यांच्या ताटात जाते तशीच इथेही येते. त्या बाजूला ठेवायच्या. ट्रॉलीवरचे कोला, कॉफी आणि टोमॅटोचा रस कोणत्याही संकेताक्षराच्या कक्षेत येत नाहीत, तिथे प्रवाशाने स्वतःच नको म्हणायचं.

या ताटाकडून फार अपेक्षाही ठेवू नयेत. शिकागोतले डॉक्टर बर्ट्रम सिप्पी यांनी 1915 मध्ये जठरव्रणासाठी दूध-सायीचा सौम्य आहार सुचवला आणि पुढची कित्येक दशकं रुग्ण बेचव जेवणावर राहिले. 1980 च्या दशकात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी बहुतेक व्रणांमागे जिवाणू असतो हे दाखवलं, त्यासाठी त्यांना 2005 चं नोबेल मिळालं, आणि त्या आहाराचा औषध म्हणून असलेला मान गेला. आम्लपित्तातही एकाला टोमॅटो बाधतो तर दुसऱ्याला तो चालतो. BLML ही सगळ्यांसाठी काढलेली सरासरी आहे. प्रवासाआधी दोन आठवडे काय खाल्लं आणि कधी जळजळलं याची वही ठेवली, तर ताटातलं नेमकं काय बाजूला ठेवायचं हे त्या वहीतून कळतं.

छातीतल्या दुखण्याबरोबर घाम, धाप किंवा हाताकडे-जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर ते आम्लपित्त समजून गोळी चघळत बसू नये. कर्मचाऱ्यांना लगेच सांगावं, त्यांना प्रथमोपचाराचं प्रशिक्षण असतं. घास अडकणं, काळं शौच, विनाकारण वजन उतरणं अशी लक्षणं असतील तर तिकिटाआधी डॉक्टर.

पुण्याच्या बाईंचा परतीचा प्रवास तीन महिन्यांनी आहे. त्या वेळचं जेवण लंडनजवळच्या वेगळ्या स्वयंपाकघरात शिजेल, AVML ची भाजी वेगळी असेल आणि भात बासमती असेलच असं नाही. शाकाहारी BLML तिथे मिळू शकतं का, हे पुन्हा विचारावं लागेल. मुलीने कॅलेंडरवर उड्डाणाच्या आठ दिवस आधीची तारीख या फोनसाठी राखून ठेवली आहे, आणि दोन दिवस आधीची बुकिंग उघडून पाहण्यासाठी.